बॅलन्सिंग शून्य, तरी नव्वदला स्टेअरिंग थरथरते

प्रश्न: आमची सात सीटर गाडी आहे, अलॉय व्हील, टायर १८५/६५ आर १५. दिवाळीत चारही टायर नवे टाकले. तेव्हापासून ८५ ते १०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरते, ११० च्या वर थोडं कमी होते. वर्ध्याकडून समृद्धीवर चढलो की हात बधिर होतात. तीन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट दोनदा केली. दर वेळी मशीनवर शून्य येते. एक जण म्हणतो सस्पेन्शन खोला, एक म्हणतो नागपूरला जाऊन ‘रोड फोर्स बॅलन्सिंग’ करा, एक म्हणतो स्टिकरवाले वेटच बेकार असतात. आम्ही राळेगाव तालुक्यात राहतो, खरं काय ते सांगा.

उत्तर:

सस्पेन्शन खोलू नका. नव्या टायरबरोबर आलेली, ठराविक वेगाच्या पट्ट्यात येऊन पुढे कमी होणारी थरथर दहातल्या नऊ वेळा चाकातच असते. अलाइनमेंटचाही हिच्याशी संबंध नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरपा खातो, पण स्टेअरिंग असं थरथरत नाही. माझं हिंगणघाटला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, हायवेची गाडी रोज हाताखालून जाते, आणि ‘भाऊ, मशीन तं झीरो दाखवते, मंग हालते काहून?’ हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतोच.

आधी त्या शून्याचा अर्थ समजून घ्या. साधं बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवते. चाकाला काहीही टेकलेलं नसते. त्यामुळे मशीनला एवढंच कळते की वजन एकीकडे जास्त आहे का. चाक गोल आहे का, टायर सगळीकडून सारखा दबतो का, हे तिला कळायला मार्गच नाही. बैलगाडीचं चाक आठवा. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना सांध्याला जरा उंचवटा राहिला, तर समोरच्या बाजूला खिळे ठोकून त्या चाकाचं वजन तुम्ही अगदी बरोबर करू शकाल. आसावर मोकळं फिरवलं तर कुठेही थांबेल, तक्रार नाही. पण रस्त्यावर टेकवून ओझं टाकलं की प्रत्येक फेऱ्याला तो सांधा ठोका देणारच.

टायरमध्ये हा सांधा रबराच्या आत असतो. टायर बनवताना कापडाचे आणि तारेचे थर एकावर एक गुंडाळतात, प्रत्येक थराचं टोक कुठेतरी दुसऱ्या टोकावर चढते. तिथे टायर थोडा कडक होतो. बाहेरून गोल दिसला तरी गाडीच्या वजनाखाली तो भाग कमी दबतो आणि आसाला वर ढकलतो. तुमच्या मापाचा टायर एक मिलिमीटर जास्त दाबायला ढोबळ मानाने १८ ते २० किलो जोर लागतो. म्हणजे रिम अर्धा मिलिमीटर वाकडी असेल तर प्रत्येक फेऱ्याला ९-१० किलोचा चढउतार नुसत्या रिमचा, आणि त्यात टायरचा कडक भाग नेमका तिथेच आला तर दोन्हींची बेरीज.

हा चढउतार वजनाच्या भाषेत किती मोठा आहे ते सांगतो, म्हणजे वेट बदलून का भागत नाही ते कळेल. तुमच्या चाकात ३० ग्रॅमचा फरक राहिला, तर १०० च्या वेगाला तो साधारण साडेचार किलोने एकदा वर आणि एकदा खाली ओढतो, एकूण चढउतार नऊ किलोचा. पन्नासच्या वेगाला हाच फरक चौथाईवर येतो, कारण वजनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. टायरच्या कडकपणाचं तसं नाही. त्याचा जोर हळू वेगातही जवळपास तेवढाच असतो, फक्त तुम्हाला जाणवत नाही. तुमचं चाक ९५ च्या वेगाला सेकंदाला चौदाच्या आसपास फेरे घेते, आणि टायरच्या रबरावर उड्या मारायची चाकाची स्वतःची लयही त्याच्याच आसपास, सेकंदाला १० ते १५. झोका बरोबर वेळेवर ढकलला की उंच जातो, तसं तिथे होते. ११० च्या वर फेऱ्यांची गती त्या लयीच्या पुढे निघून जाते, म्हणून कमी वाटते. तुम्ही लिहिलेलं लक्षण यात चपखल बसते.

पण म्हणून लगेच नागपूरची वाट धरू नका. माझ्याकडे ‘शून्य येऊनही हालते’ म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांचं शून्यच खोटं असते. ते आधी गावातच तपासून घ्या.

पहिली गोष्ट घरच्या घरी होते. गाडी चांगली धुवा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून पाहा. आपली काळी माती पांदणीतून एकदा जाऊन आली की रिमच्या आत चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. बाहेरून चाक चकाचक दिसते. पावसाळ्यात मी एका चाकातून मुठीएवढं ढेकूळ काढून काट्यावर ठेवलं होतं, ९० ग्रॅम भरलं. त्या गाडीवर कोणीतरी मातीसकट बॅलन्सिंग करून ठेवलं होतं. अर्धी माती रस्त्यात पडली आणि थरथर दुप्पट झाली.

त्यानंतर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर चालवून पाहा. थरथर स्टेअरिंगमधून जाऊन सीटखाली आली, तर दोषी चाक सापडलं आणि ते आता मागे आहे. काहीच बदललं नाही, तर मात्र चाक गाडीला ज्यावर बसते त्या हबकडे पाहावं लागेल. फक्त ब्रेक मारल्यावरच हालत असेल तर तो ब्रेक डिस्कचा प्रश्न, आणि फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर हालत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा. तुमचं तसं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदाराला आपणहून सांगा: टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड टाकलं आहे का. बाभळीच्या काट्यांमुळे आपल्याकडे निम्म्या लोकांनी ते टाकलेलं असते आणि विसरून जातात. लिक्विड तळाशी साचते, मशीनवर प्रत्येक फेरीला वेगळा आकडा येतो, आणि शेवटी ऑपरेटर कंटाळून जो शून्य योगायोगाने आला तो खरा मानतो. सलग तीनदा फिरवून तीन वेगळे आकडे आले, तर आधी टायर उतरवून आत पाहायचं. कॉम्प्रेसरची टाकी रिकामी न केल्यामुळे आत गेलेलं पाणीही असंच फसवते.

आता मशीनवरची खरी परीक्षा. चाक बॅलन्स होऊन दोन्ही बाजूला शून्य आलं की ऑपरेटरला सांगा, नट सैल कर, चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरव, पुन्हा घट्ट कर आणि मशीन चालव. फक्त चाक फिरवायचं, शाफ्ट तसाच. शून्य किंवा पाच ग्रॅम आलं तर ठीक. पंधरा-वीस आलं तर मघाचं शून्य फेकून द्या. याचं कारण असं की तुमचं चाक टायरसकट १५-१६ किलोचं. ते मशीनवर केंद्रापासून एक दशांश मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्या जाडीएवढं जरी सरकून बसलं, तरी मशीनला नऊ ग्रॅमची चूक दिसते आणि ती इमानदारीने त्या चुकीचं वेट मागते. अर्धा फेरा फिरवला की चूक उलट बाजूला जाते, म्हणून दुप्पट दिसते.

अलॉय चाकाला हे जास्त होते, कारण चाक मशीनच्या शाफ्टवर मधोमध बसवणारा निमुळता लोखंडी तुकडा, म्हणजे कोन, पोरं बाहेरच्या बाजूने, म्हणजे टोपीच्या भोकातून घालतात. तिथली कड केंद्रात असेलच असं नाही. गाडीवर चाक ज्या आतल्या भोकावर बसते, कोन त्याच भोकातून, आतल्या बाजूने यायला हवा, आणि बाहेरून प्लेटने दाबायला हवं. ही परीक्षा एका ठिकाणी मात्र फसते. घाण मशीनच्या कोनावर असेल तर अर्ध्या फेऱ्यात पकडली जाते, पण ती चाकाच्याच भोकात असेल तर चाकाबरोबर फिरते आणि शून्य पुन्हा शून्यच येते. म्हणून आधी वायर ब्रशने भोक आणि चाकाची बसायची जागा दोन्ही घासायची. गाडीच्या हबवरचा गंजही त्याच वेळी काढून टाका. नट कसताना गाडी जॅकवर असतानाच एकाआड एक, थोडे थोडे करत कसायचे. गाडी खाली टेकवून एकच नट आवळून टाकला की चाक हबवर तिरपं बसते, आणि मग बॅलन्सिंग कितीही चांगलं असो.

वेटबद्दल विचारलं आहे. स्टिकरवाले वेट बेकार नसतात. बेकार असते ते लावणं. ग्रॅम हा ग्रॅमच असतो, चाकाला शिसं, लोखंड की जस्त याचं काही घेणंदेणं नाही. शिसं जड, घनता ११.३, लोखंड ७.८ आणि जस्त ७.१ च्या आसपास, म्हणून तेवढ्याच ग्रॅमचा लोखंडी किंवा जस्ताचा तुकडा शिश्यापेक्षा मोठा दिसतो, एवढाच फरक. युरोपात कारच्या चाकांवर शिसं लावायला २००५ पासून बंदी आहे, ती विषारीपणामुळे. शिसं बॅलन्सिंगला वाईट आहे असं त्यावरून समजू नका.

क्लिपवाला वेट रिमच्या कडेला पक्कडसारखा बसतो. लोखंडी डिस्कला तोच चांगला. अलॉयची कड जाड आणि वेगळ्या आकाराची असते. लोखंडी डिस्कची क्लिप तिच्यावर हातोडीने ठोकली तर ती दोन टोकांवर टेकते, मध्ये फट राहते. पहिल्या-दुसऱ्या खड्ड्यात उडते. शिवाय अलॉयचा रंग तिथे खरवडतो, पाणी शिरते आणि कड खायला लागते. अलॉयसाठी वेगळ्या घडणीच्या क्लिपा असतात, पण आपल्या भागातल्या दुकानांत बहुतेक एकच डबा असतो. त्यामुळे अलॉयला स्टिकर, हे साधं गणित बरोबर आहे.

स्टिकरचा खरा घोटाळा जागेचा आहे. मशीनला आधी सांगावं लागते की वेट कुठे बसणार. क्लिपच्या सेटिंगवर मशीन समजते की एक वेट आतल्या कडेवर आणि एक बाहेरच्या कडेवर बसणार. तुमच्या रिमवर या दोन कडांमध्ये दीडशे मिलिमीटरच्या आसपास अंतर. पण पोरगं स्टिकर लावते रिमच्या आत, आऱ्यांच्या मागे. तिथे दोन ओळींमधलं अंतर नव्वद-शंभर मिलिमीटर उरते, आणि केंद्रापासूनचं अंतरही दीड-दोन सेंटिमीटरने कमी होते. म्हणजे लावलेलं वेट मशीनच्या हिशोबापेक्षा कमी काम करते. दुसऱ्या फेरीला मशीन पुन्हा दहा ग्रॅम मागते, वेगळ्याच जागी. पोरगं तिथेही एक तुकडा चिकटवते. मग पाच, मग आणखी पाच. चाकात डोकावून पाहा: एका ओळीत वेटचे तुकडे तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले दिसले, तर हे चाक सेटिंग चुकवून शून्याच्या मागे पळवलेलं आहे. बरोबर झालेल्या चाकात प्रत्येक ओळीत एकाच ठिकाणी वेट असतात. सगळं खरवडून नव्याने करायला सांगा, आणि सुरू करताना विचारा, ‘स्टिकरच्या सेटिंगवर आहे ना?’ बऱ्याच मशीन पाच-सात ग्रॅमच्या आतलं सगळं शून्यच दाखवतात, ते उघडं करून दाखवणारं बटणही असते, तेही दाबायला लावा.

चिकटवण्याबद्दल दोनच गोष्टी. जागा आधी पेट्रोलने नाही, थिनर किंवा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करायची, आणि तुकडा अंगठ्याने चांगला जोर देऊन दाबायचा. गोंद पूर्ण पकडायला दोन-तीन दिवस घेतो. तेवढ्या दिवसांत वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी रिमच्या आत मारू नका. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत, त्यात ब्रेकची धग, अशा वेळी हलक्या गोंदाचे तुकडे जागेवरून सरकलेले मी पाहिले आहेत. पडत नाहीत, पण बोटभर घसरतात आणि मागे काळी रेघ सोडतात. तशी रेघ दिसली की वेट बदला.

हे सगळं बरोबर करूनही थरथर राहिली, तर मग रोड फोर्स. नाव मुळात हंटर या अमेरिकन कंपनीच्या मशीनचं आहे, आता लोक प्रकारालाच त्या नावाने ओळखतात. साध्या मशीनमध्ये नसलेली एक गोष्ट तिथे असते: लोखंडी रोलर. चाक फिरत असताना हा रोलर टायरवर पाचशे-सहाशे किलोपर्यंतच्या जोराने दाबला जातो, जणू रस्ताच येऊन टेकला. एका फेऱ्यात रोलरवरचा जोर किती चढला-उतरला ते मशीन किलोत किंवा पौंडात दाखवते. सोबत रिम किती वाकडी आहे तेही वेगळं मोजते. कारला १२ किलोपर्यंत चालते असं साधारण धरतात, मोठ्या एसयूव्हीला १८ पर्यंत. हलक्या आणि नाजूक गाडीत आठ-नऊलाही हाताला कळते.

‘कॉम्प्युटराइज्ड’ किंवा ‘डायनॅमिक’ असं बोर्डवर लिहिलं म्हणजे हे मशीन नव्हे. फोनवर एवढंच विचारा, ‘टायरला दाबणारा रोलर आहे का, आणि आधीचा-नंतरचा आकडा दाखवाल का?’ ‘हो’ आलं तरच निघा.

आता गेल्या वर्षीचं एक प्रकरण सांगतो, तुमच्याशी बरंच जुळते. वणीकडचे एक शिक्षक, गाडी तुमच्याच मापाच्या टायरची. दोन दुकानं फिरून माझ्याकडे आले. पुढच्या उजव्या चाकावर अर्ध्या फेऱ्याची परीक्षा केली, १५ ग्रॅम आले. मशीनच्या कोनावर घाणीची कड होती. घासून, कोन आतून घालून पुन्हा केलं, शून्य टिकलं. थरथर निम्मी झाली, पण गेली नाही. चाक मागे टाकलं तर ती सीटखाली गेली. मग मी त्यांना म्हणालो, ‘सर, आता माझ्या मशीनचं काम संपलं.’ मला टायर आणायला नागपूरला जायचंच होतं, सोबत गेलो.

तिथे हवा गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी केली. गाडी हायवेने चालवतच नेली होती, हे महत्त्वाचं. टायर उन्हाळाभर अंगणात उभ्या गाडीखाली एकाच जागी दबलेला असेल तर तिथे चपटा होतो, आणि वीस-पंचवीस किलोमीटर गरम झाल्याशिवाय खरा आकडा येत नाही. चारही चाकांचे आकडे निघाले: पुढचं डावं ९ किलो, मागचं डावं ७, मागचं उजवं १३, आणि ते दोषी चाक २१. एकवीस किलो म्हणजे १०० च्या वेगाला ७० ग्रॅम वेट कमी असल्यासारखं. वेट लावून हे जात नाही, कारण एका वेगाला जमवलं तरी दुसऱ्या वेगाला वेटचा जोर बदलतो आणि टायरचा नाही.

मशीनने त्या २१ ची फोड केली. टायर काढून उघडी रिम मोजली, अर्धा मिलिमीटर उंचवटा, म्हणजे ९ किलो रिमचे. उरलेले १२ टायरचे. दोन्ही जवळपास एकाच जागी आले होते, म्हणून बेरीज. मशीनने रिमच्या सखल जागी एक खूण आणि टायरच्या कडक जागी एक खूण करायला सांगितली. कडांना पेस्ट लावून टायर रिमवर फिरवला, खुणा समोरासमोर आणल्या, हवा भरली. हिशोबाने १२ वजा ९, तीन राहायला हवे होते. मोजलं तर ५ आले, कारण टायरची कड प्रत्येक वेळी अगदी तशीच बसत नाही. पाच म्हणजे उत्तम. मग त्यावर साधं बॅलन्सिंग, दोन ओळी, प्रत्येकी एकच तुकडा. बॅलन्सिंग शेवटी, हे लक्षात ठेवा. टायर फिरवल्यावर आधीचे वेट निरुपयोगी होतात.

मागचं उजवं १३ चं चाक तसंच ठेवलं. त्याची रिम गोल होती, सगळा दोष टायरचा. जोडीला वजा करायला रिममध्ये काहीच नव्हतं, त्यामुळे टायर कितीही फिरवला तरी आकडा हलणार नव्हता. असं चाक मागेच ठेवायचं, स्टेअरिंगपासून लांब. परत येताना शिक्षकांनी जाम गावापर्यंत एकाच हाताने गाडी चालवली आणि काही बोलले नाहीत, त्यावरून मी समजलो.

या उपायाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. टायर फिरवून जमवणं फक्त एका उंचवट्याच्या दोषाला चालते. टायर अंड्यासारखा, समोरासमोर दोन उंचवट्यांचा असेल, तर फिरवून काही साधत नाही. टायरच्या आत तारांचा पट्टा सुटला असेल, बाजूला किंवा नक्षीवर फुगा आला असेल, तर तो टायर बदलायचाच, आकडा काहीही येवो. रिम एक-दीड मिलिमीटरने वाकली असेल तर आधी रिम. आणि हब स्वतःच वाकडा असेल, तर मशीनवर चारही चाकं निर्दोष निघतील आणि गाडी हालतच राहील, कारण मशीनने तुमचा हब पाहिलेलाच नाही.

नागपूरला जाणं लगेच जमत नसेल, तर गरिबाचा रोड फोर्स माझ्याकडे होतो, तुमच्या जवळच्या दुकानातही होईल. गाडी जॅकवर घ्या, टायरच्या मधल्या पट्टीसमोर डायल गेज धरा. गेज नसेल तर विटांच्या रचणीवर स्क्रूड्रायव्हर ठेवून टोक टायरला जेमतेम लागेल असं करा. चाक हाताने हळू फिरवा. टोक जिथे घासते ती उंच जागा, तिथे खडूने खूण. टोक सगळ्यात लांब राहते तिथली फट फीलर गेजने मोजा. एक मिलिमीटरच्या आत असेल तर छान, दीडच्या वर असेल तर हाच तुमचा रोग. मोजायच्या आधी टायरच्या बाजूवर रिमलगतची बारीक गोल रेघ पाहा. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एका जागी आत गेलेली असेल तर टायर रिमवर नीट बसलेलाच नाही, पेस्ट न लावता चढवला. हवा काढून, कडा ओल्या करून पुन्हा बसवला की कित्येकदा काम तिथेच संपते.

रेघ बरोबर असूनही दीडच्या वर येत असेल, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा टायरबरोबर सरकली तर दोष टायरचा. व्हॉलपासून आधी होती तिथेच राहिली तर रिमचा. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आली तर दोघांचा, मग पाव फेरा इकडे-तिकडे करून सगळ्यात कमी आकडा शोधायचा. नव्या टायरवर लाल ठिपका शिल्लक असेल तर तो बहुधा कंपनीने दाखवलेली टायरची उंच किंवा कडक जागा असते, तो रिमच्या सखल खुणेसमोर आणून सुरुवात करा. पिवळा ठिपका हलक्या बाजूचा, तो व्हॉलसमोर. दोन्ही असतील तर लाल ठिपक्याला मान द्या, कारण पिवळ्याचं काम वेट करू शकते, लालचं नाही. या गावठी पद्धतीने गोलाई कळते, कडकपणा नाही. गेजवर टायर गोल निघाला आणि तरी हालत असेल, तर रोलरशिवाय गत्यंतर नाही.

टायर एकदा जुळवला की व्हॉलच्या समोर टायरच्या बाजूवर पांढऱ्या पेंटने रेघ मारून घ्या, चारही चाकांना. ते शिक्षक चार महिन्यांनी पुन्हा आले, ‘भाऊ, पुन्हा तेच सुरू झालं.’ चाक पाहिलं तर रेघ व्हॉलपासून वीतभर लांब. मारेगावजवळ पंक्चर काढताना पोराने आतून पॅच मारायला टायर उतरवला होता आणि जसा हाती आला तसा चढवला. हवा काढली, रेघ व्हॉलसमोर आणली, बॅलन्सिंग केलं. चाळीस मिनिटांचं काम, नागपूरला जावं लागलं नाही.